गृहकर्जाचा व्याजदर कमी करण्याबाबत विनंती अर्ज

दि. 19 जानेवारी 2026

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक साहेब,
गृहकर्ज विभाग, अमळनेर शाखा,
जि. जळगाव

विषय : गृहकर्ज खाते (शेवटचे चार अंक 4172) रेपोशी जोडून व्याजदर कमी करण्याबाबत

महोदय,

सप्टेंबर 2017 मध्ये मी आपल्या शाखेतून 18 लाख रुपयांचे गृहकर्ज घेतले. मुदत 20 वर्षे, हप्ता 15,735 रुपये. पहिला हप्ता ऑक्टोबर 2017 मध्ये कापला गेला आणि या 5 जानेवारीला शंभरावा. शंभरपैकी एकही हप्ता परत गेला नाही, एकदाही दंडव्याज लागले नाही. खातेउतारा सोबत आहे.

मी अनुदानित शाळेत शिक्षक आहे. आमचा पगार कधी एक तारखेला होतो, कधी दहा-बारा उजाडते. हप्ता मात्र पाच तारखेलाच असतो. म्हणून या खात्यात दोन हप्त्यांची शिल्लक पहिल्यापासून ठेवत आलो. मार्च 2020 चा पगार दोन टप्प्यांत आला, तेव्हाही हप्ता वेळेवर गेला. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी सहा महिने हप्ते लांबणीवर टाकायची मुभा दिली होती. शाखेतून फोनही आला होता. मी ती घेतली नाही. एप्रिल 2022 मध्ये कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला, तेव्हा मारवडच्या शेतातल्या कापसाच्या पैशांतून वडिलांनी दिलेले 60 हजार थेट मुद्दलात भरले. सिबिल स्कोर आज 801 आहे.

आता मुद्द्याचे. माझे कर्ज अजून एमसीएलआरवर आहे आणि दर वर्षातून एकदाच, सप्टेंबरात, बदलतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 पासून रेपो दर 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला, म्हणजे सव्वा टक्का उतरवला. माझा दर 8.95 टक्के आहे. डिसेंबरची कपात माझ्यापर्यंत पोहोचायची तर येत्या सप्टेंबरची वाट पाहावी लागेल, आणि तेव्हाही किती पोहोचेल हे एमसीएलआर ठरवणार. नवीन कर्जदाराला मात्र आपल्याच शाखेत रेपो अधिक 2.35, म्हणजे 7.60 टक्क्यांनी कर्ज मिळते. तो दर फलकावर लिहिलेला आहे, पासबुक भरायच्या रांगेत उभे राहून मी वाचला. ज्याने अजून एकही हप्ता भरलेला नाही त्याला 7.60 आणि शंभर भरलेल्याला 8.95, हे पटायला जड जाते.

गणित शिकवतो, म्हणून आकडे मांडून पाहिले. आज बाकी सुमारे 13 लाख 5 हजार आहे. पुढच्या हप्त्याच्या 15,735 पैकी 9,733 रुपये व्याजात जातील, मुद्दलात जेमतेम 6,002. हप्ता असाच ठेवला तर 8.95 टक्क्यांनी अजून 130 हप्ते लागतात आणि 7.60 टक्क्यांनी 118. म्हणजे एक वर्ष आणि सुमारे 1 लाख 85 हजार रुपयांचा फरक. तेवढ्या वर्षात मुलीचे कॉलेज येते.

तरी विनंती अशी की, माझे कर्ज एमसीएलआरवरून रेपोशी जोडलेल्या दरावर घ्यावे आणि नवीन कर्जदाराला लागतो तोच 2.35 चा फरक मलाही लावावा. हप्ता कमी करू नये, मुदत कमी करावी. दर बदलण्यासाठी प्रशासकीय खर्च लागत असेल तर तो किती, हे आधी लेखी कळवावे. वाजवी असेल तर भरायला तयार आहे. डिसेंबरात काउंटरवर "दर आपोआप कमी होईल" असे सांगितले गेले. एमसीएलआरचे कर्ज अर्ज केल्याशिवाय रेपोवर जात नाही, हे मला नंतर कळले. म्हणून हा अर्ज लेखी देत आहे, पोच द्यावी.

एका दुसऱ्या बँकेने 7.60 टक्क्यांनी कर्ज उचलण्याची तयारी लेखी कळवली आहे. पत्र 28 फेब्रुवारीपर्यंत लागू आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, हे आपण जाणताच. पण प्रक्रिया शुल्क, नवीन गहाणखताचा खर्च, कागदपत्रांची ने-आण यांत मला पडायचे नाही. 24 लाखांच्या या घराचे मूळ खरेदीखत आठ वर्षांपासून आपल्याकडे आहे, ते तिथेच राहावे अशी माझी इच्छा आहे.

15 दिवसांत, म्हणजे 3 फेब्रुवारीपर्यंत, लेखी उत्तर मिळाले तर पुढचे ठरवता येईल. शाळा साडेपाचला सुटते. शनिवारी सकाळची असते, त्या दिवशी बँक सुरू असेल तर दुपारी मी शाखेत येऊ शकतो.

आपला विश्वासू,
सुनील भिका पाटील
ढेकू रोड, अमळनेर

सोबत : 100 हप्त्यांचा खातेउतारा, सिबिल अहवाल, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकाच्या प्रती, दुसऱ्या बँकेच्या पत्राची छायाप्रत