साळूआजी आणि पेद्रू पोदेर: चित्रपुस्तकासाठी प्रॉम्प्टसंच

चित्रे काढणाऱ्या एआय यंत्राला द्यायचे हे प्रॉम्प्ट. पुस्तक: ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी, पार्श्वभूमी गोव्यातल्या खाजन शेतीची, म्हणजे खाऱ्या नदीला बांध घालून केलेल्या भातशेतीची. साळूआजी पाणमांजर, पेद्रू गवा; पोदेर म्हणजे पाव विकणारा. पानाचा आकार ८ × १० इंच, उभा. अंतिम चित्र ३०० डीपीआयला २४०० × ३००० पिक्सेल, गुणोत्तर ४:५. मजकुरासाठी प्रत्येक पानाचा वरचा तिसरा भाग मोकळा.

वापरण्याचा क्रम असा: आधी पात्रपत्रक, म्हणजे एकच पात्र वेगवेगळ्या बाजूंनी दाखवणारे चित्र, ते मनासारखे झाल्यावर तेच संदर्भचित्र म्हणून जोडून प्रसंग. पात्रपत्रक पक्के होण्याआधी प्रसंगाला हात घातला तर चौथ्या पानावर आजीचे शेपूट आखूड होते आणि साडीच्या चौकटी बदलतात.

१. साळूआजी, पात्रपत्रक

«मुलांच्या चित्रपुस्तकासाठी जलरंगातले पात्रपत्रक. पात्र: साळूआजी, वयस्क पाणमांजर. जात भारतात आढळणारी, गुळगुळीत आखूड केसांची. पांढऱ्या कागदावर चार दृश्ये एका रांगेत: समोरून, पाऊण वळलेली, बाजूने, पाठीमागून. चारही दृश्यांत उंची सारखी, दोन्ही हात सैल खाली.

शरीर: एकूण उंची डोक्याच्या चौपट. डोके एक भाग, धड दोन भाग, पाय एक भाग. धड लांबट आणि नळीसारखे, खांदे उतरते आणि अरुंद, कंबर नाही. मान जवळजवळ डोक्याइतकीच जाड. पाय आखूड, गुडघे किंचित वाकलेले. खरे पाणमांजर आजूबाजूला पाहायला मागच्या पायांवर उभे राहते तशीच उभी, पाठ थोडी बाकदार, वजन मागच्या पावलांवर आणि शेपटाच्या बुंध्यावर. शेपूट बुडाशी जाड, टोकाकडे चपटे, डोके-धडाच्या लांबीच्या दोन तृतीयांश, जमिनीवर टेकलेले.

चेहरा: कपाळ सपाट, थोबाड रुंद आणि आखूड, नाक काळे, उघडे, ओलसर. मिशा जाड, वरच्या ओठाच्या दोन्ही बाजूंना रांगेत, थोड्या खाली वळलेल्या. कान छोटे, गोल, डोक्याच्या बाजूला खाली. डोळे लहान, गडद तपकिरी, पांढरा भाग दिसत नाही. डोक्यावर अंगावरच्यासारखेच आखूड केस. वय दिसते ते थोबाडाभोवतीच्या करड्या केसांत आणि जड पापण्यांत.

हात-पाय: प्रत्येक पंज्याला पाच बोटे, बोटांमध्ये जवळजवळ टोकापर्यंत पडदा, नखे छोटी आणि बोथट. तळवे गडद, उघडे.

रंग: पाठ गडद तपकिरी, गळा आणि छाती फिकट पिवळसर करडी.

कपडे: जाड सुती कापडाची आखूड साडी, लाल-पांढऱ्या बारीक चौकटींची, काठ रुंद आणि गडद लाल. पदर पाठीवरून पुढे येऊन उजव्या खांद्यावर गाठीने बांधलेला. साडी घोट्यापर्यंत नाही, गुडघ्याशी संपते. मागे शेपटासाठी कापडाची फट, तिथे काठ शेपटाच्या बुंध्याला वळसा घालून जातो. गळ्यात अबोलीच्या फुलांचा आखूड वळेसर. पायांत काही नाही.»

नकाराच्या रकान्यात, म्हणजे चित्रात काय नको ते सांगायच्या वेगळ्या जागी, स्वतंत्रपणे:

«माणसाचे हात, माणसाची नखे, माणसाचे केस, आंबाडा, स्तन, बारीक कंबर, डोळ्यांतला पांढरा भाग, पापण्यांच्या लांब केसांची कमान, चपला, मांजराचे टोकदार कान, झुपकेदार शेपूट, छायाचित्राचा पोत»

नको असलेल्या गोष्टी मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहू नयेत. «आंबाडा नको» असे लिहिले की यंत्र «आंबाडा» तेवढे उचलते. वेगळा रकाना नसेल तर हवे ते सांगावे: «डोक्यावर अंगावरच्यासारखेच आखूड केस».

«कुणबी साडी» हे नाव वर मुद्दाम टाळले आहे. नुसते नाव दिले की नऊवारी, काष्टा, जरीचा काठ असे काहीही येते. चौकट, काठ, गाठ आणि लांबी सांगितली की साडी ओळखीची होते. हाच नियम कबाय म्हणजे पोदेराचा अंगरखा, मानस म्हणजे बांधातले पाणी सोडायचे दार आणि काकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा पाव यांनाही.

दुरुस्त्या, आजीसाठी

चित्र जवळपास बरोबर असेल तर सगळे पुन्हा काढू नये, एका वेळी एकच दोष सांगावा.

आजी साडी नेसलेल्या बाईसारखी दिसते, डोके तेवढे प्राण्याचे (सर्वांत जास्त वेळा होणारी चूक):

«चेहरा आणि साडी तशीच ठेवून शरीराचे प्रमाण बदल. पाय एकूण उंचीच्या चौथ्या भागाइतके आखूड. खांदे अरुंद करून मानेत मिसळ. साडी कंबरेला आवळलेली नाही, नळीसारख्या धडावरून सरळ उतरते.»

शेपूट साडीतून आरपार गेले आहे किंवा गायबच आहे:

«शेपूट पाठीच्या कण्याच्या शेवटापासून सुरू होते आणि साडीच्या फटीतून बाहेर येते. बुंध्याशी कापडाला दोन चुण्या. शेपूट डावीकडे वळून पूर्ण दिसते, टोक जमिनीवर.»

साडी अंगावर रंगवल्यासारखी चिकटली आहे:

«काठाखाली केस किंचित दबलेले, काठाच्या बाहेर पुन्हा उठलेले. खांद्याच्या गाठीखाली सावली. कापडाला जाडी आहे, कडेला ती दिसते.»

२. प्रसंग: ओहोटी आणि मानशीचे दार

«जोडलेल्या पात्रपत्रकातली साळूआजी. स्थळ: माती आणि जांभ्या चिऱ्यांचा बांध, एका बाजूला खारफुटी आणि नदी, दुसऱ्या बाजूला भाताचे शेत. बांधात जुन्या लाकडाचे पाणी सोडायचे दार. वेळ ओहोटीची, सकाळची. दार नदीच्या बाजूला कललेले, पाणी शेताकडून नदीकडे वाहते आहे.

आजी बांधावर मागच्या पायांवर उभी, शेपूट मागे टेकून तिसऱ्या पायासारखे. डावा पंजा दाराच्या चौकटीवर, बोटे पसरलेली, पडदा उजेडात किंचित पारदर्शक. मान पुढे ताणलेली, मिशा पाण्याकडे. भाव काळजीचा: पापण्या अर्ध्या खाली, डोके एका बाजूला कललेले, तोंड मिटलेले.

डोळ्यांची रेषा मुलाच्या उंचीवर. आकाश फिकट, वरचा तिसरा भाग रिकामा. रंग मर्यादित: चिऱ्याचा लाल, खारफुटीचा काळपट हिरवा, पाण्याचा करडा. साडीचा लाल चिऱ्याच्या लालाहून उजळ.»

प्रवाहाची दिशा तपासावीच. भरतीला नदीच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला उघडते. उघड्या दारातून नदीचे पाणी आत येताना रंगवले तर गोव्यातला कुठलाही आजोबा पान उलटायच्या आधी चूक दाखवील.

भावांसाठी भुवया वापरायच्या नाहीत. पाणमांजराला त्या नाहीत, आणि त्या आल्या की चेहरा मुखवट्यासारखा होतो. मान, मिशा, पापण्या आणि शेपटाचे टोक, एवढ्यावर काम भागते.

३. पेद्रू पोदेर, पात्रपत्रक

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, पण दोन पायांवर उभा करायला पाणमांजराहून कितीतरी अवघड. तो खुराच्या टोकांवर उभा असतो. मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नव्हे, टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ. म्हणून त्याला विजार घालायची नाही. जुन्या पोदेरांची गुडघ्यापर्यंतची कबाय इथे कामाला येते: अवघड मांडी झाकते, खुणेचा सांधा उघडा ठेवते.

«मुलांच्या चित्रपुस्तकासाठी जलरंगातले पात्रपत्रक, पांढऱ्या कागदावर समोरून, पाऊण वळलेले, बाजूने. पात्र: पेद्रू, मोठा नर गवा, पाव विकणारा.

शरीर: एकूण उंची डोक्याच्या पाचपट. छाती आणि खांदे जड, मानेमागून पाठीवर उठलेला स्नायूंचा उंचवटा, कमरेकडे शरीर निमुळते. धड पंधरा अंश पुढे झुकलेले. मागचे पाय मांडीशी जाड, त्याखाली टाचेचा सांधा मागे वळलेला, मग सरळ खाली खूर. प्रत्येक खुराला दोन भाग. चारही पाय मधल्या सांध्यापासून खाली मळकट पांढरे, मोजे घातल्यासारखे.

डोके: शिंगांच्या मध्ये कपाळावर उंच वळलेला कंगोरा. शिंगे बाहेर वळून वर गेलेली, फिकट पिवळसर, टोके काळी. कान शिंगांखाली आडवे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, गडद. नाकपुड्या ओलसर, थोबाड फिकट.

कपडे: एकसंध सैल अंगरखा, गुडघ्यापर्यंत, पांढऱ्या सुतावर बारीक निळे पट्टे. बाह्या कोपरापर्यंत. मागे शेपटासाठी फट. डोक्यावर काही नाही.

उजव्या खुराच्या दोन भागांमधल्या खाचेत बांबूची उंच काठी धरलेली. डाव्या कोपराच्या वाकात वेताची टोपली, आत कोंडा लावलेले गोल तपकिरी पाव आणि बांगडीच्या आकाराचे कडक पाव.»

नकाराचा रकाना:

«बोटे, माणसाचा तळवा, विजार, बूट, मोजे, टोपी, पाळीव गाईचा चेहरा, नाकात वेसण, पुढे पाहणारे दोन्ही डोळे»

«मोजे घातल्यासारखे» या शब्दांनी कधी खरेच मोजे येतात. तसे झाले तर:

«पायांचा पांढरा भाग कापड नाही, केसांचा रंग आहे. तपकिरी आणि पांढऱ्याची सीमा मऊ, केसाकेसाने मिसळलेली.»

पेद्रूला थेट समोरून प्रसंगात दाखवू नये. पत्रकापुरते ठीक, प्रसंगात पाऊण वळलेला किंवा बाजूने. समोरून काढला की यंत्र डोळे पुढे ओढते, आणि गव्याचा माणूस होतो.

४. प्रसंग: काकण

«दोन्ही पात्रपत्रकांतली पात्रे एकाच बांधावर. पेद्रूची उंची साळूआजीच्या अडीचपट, शिंगे सोडून. पेद्रू पाऊण वळलेला, मान खाली आणलेली, डाव्या शिंगाच्या काळ्या टोकावर एक बांगडीच्या आकाराचा पाव अडकवून आजीपुढे केलेला. आजी शेपटावर भार देऊन ताणलेली, दोन्ही पंज्यांनी पाव खालून धरते, मासा धरावा तसा. दोघांच्या नजरा पावावर. पेद्रूचे आडवे कान पुढे वळलेले. पाव एकच आणि अख्खा, शिंगाचे टोक भोकातून बाहेर दिसते. मागे नारळीच्या झाडांची धूसर रांग. वरचा तिसरा भाग रिकामा.»

खऱ्या मापात दोघांच्या उंचीतला फरक याहून खूप मोठा. अडीचपट हा पानासाठीचा तह आहे. तो सगळ्या पानांवर तोच राहावा, म्हणून आकडा दरवेळी लिहावा. «खूप मोठा» म्हटले की तो एका पानावर घराएवढा होतो.

५. प्रसंग: आजी पाण्यात

इथे माणूसपण जवळजवळ काढून घ्यायचे. पोहताना उभी राहिलेली आजी बुडणाऱ्या बाईसारखी दिसते.

«पात्रपत्रकातली साळूआजी पाण्याखाली, बाजूने. शरीर आडवे, नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत एकच लांब वळण. पुढचे पंजे छातीशी मिटलेले, मागचे पंजे पसरलेले, पडदा ताणलेला. शेपूट वर-खाली हलण्याच्या मध्यावर. कान मिटलेले. साडी तीच, ओली, धडाला बसलेली, फक्त काठ मागे तरंगतो. वळेसरातली दोन फुले सुटून वर चालली आहेत. केसांत अडकलेल्या हवेचे बारीक बुडबुडे. पाणी गढूळ हिरवट, वरून तिरपा उजेड.»

वळेसर पाण्यात केसांसारखा पसरला तर:

«वळेसर गळ्याभोवती घट्ट, तीन बोटे रुंद. सुटलेली फुले फक्त दोन, एकमेकांपासून दूर.»