एकाच महिन्यात कर्जाचा हप्ता दोनदा कापला गेल्याबद्दल शाखा व्यवस्थापकांना पत्र

दिनांक : 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
दादर (पश्चिम) शाखा,
मुंबई 400028

विषय : वाहन कर्ज खाते (शेवटचे चार अंक 7206) – जुलै व ऑगस्ट 2025 चे हप्ते दोन खात्यांतून दोनदा वसूल झाल्याबाबत, जादा रक्कम परत मिळणे व जुने मॅन्डेट रद्द होणे.

महोदय,

आपल्या शाखेतून मी 6,00,000 रुपयांचे वाहन कर्ज घेतले आहे. व्याजदर 9.25 टक्के, स्थिर. मुदत 60 महिने. हप्ता 12,528 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला. पहिला हप्ता 5 जुलै 2024 रोजी गेला. तेव्हापासून एकही हप्ता चुकलेला नाही, याची खात्री आपल्याला आपल्याच नोंदींवरून होईल.

सुरुवातीला हा हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून (दुसरी बँक, परळ, शेवटचे चार अंक 1938) नॅच मॅन्डेटने जात असे. शाळेतला पगार कधी कधी 5 तारखेनंतर जमा होऊ लागला, म्हणून मी आपल्याच शाखेतल्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक 4471) हप्ता जावा असा अर्ज दिला. 26 मे 2025 च्या शिक्क्याची पोच माझ्याकडे आहे. जुने मॅन्डेट रद्द करून नवी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावावी, असे त्या अर्जात स्पष्ट लिहिले आहे. जूनचा हप्ता जुन्याच खात्यातून गेला. बदल व्हायला एक महिना लागतो असे काउंटरवर सांगितले होते, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या दोन महिन्यांची आहे. 5 जुलै रोजी सकाळी 6.12 वाजता आपल्या बँकेचा एसएमएस आला: खाते 4471 मधून 12,528 रुपये वजा, शेरा SI/LOAN EMI. त्याच दिवशी 11.40 वाजता पगाराच्या बँकेचा एसएमएस आला: खाते 1938 मधून 12,528 रुपये वजा, शेरा ACH D आणि पुढे आपल्या बँकेचे नाव. 5 ऑगस्टला अगदी तसेच पुन्हा घडले, आधी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन आणि दुपारच्या आत नॅच. चारही संदेशांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. प्रत्येकात पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने ते काढले आहेत, कारण नुसता मजकूर लिहून दिला तर त्याला पुरावा म्हणता येत नाही.

जुलैची गोष्ट मी शाखेत सांगितली तेव्हा ‘‘पुढच्या हप्त्यात ॲडजस्ट होईल’’ असे उत्तर मिळाले. ते झाले नाही. दुसऱ्यांदा विचारले तर ‘‘ती वजावट तुमच्या दुसऱ्या बँकेची, त्यांना विचारा’’ असे सांगण्यात आले. हे मला मान्य नाही. नॅचमध्ये पैशांची मागणी कर्ज देणारी बँक पाठवते. ग्राहकाची बँक मॅन्डेट चालू असेपर्यंत ती मागणी पूर्ण करते. पगाराच्या बँकेने तेच केले. मागणी आपल्याकडून गेली आहे आणि ते मॅन्डेट बंद करण्याचा अर्जही आपल्याकडेच पडून आहे.

आता परतफेडीचा तक्ता पाहावा. मी शाळेच्या हिशेब विभागात काम करते, त्यामुळे तक्ता आणि कर्ज खात्याचा उतारा शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली आहे. तक्त्याप्रमाणे जुलैचा हप्ता तेरावा: व्याज 3,862, मुद्दल 8,666, उरलेले कर्ज 4,92,372 रुपये. ऑगस्टचा चौदावा: व्याज 3,795, मुद्दल 8,733, उरलेले कर्ज 4,83,639 रुपये. आपल्या उताऱ्यातही 5 ऑगस्टनंतर शिल्लक कर्ज नेमके 4,83,639 रुपयेच आहे आणि प्रत्येक महिन्यात जमा फक्त एकदाच दिसते. दुसरी रक्कम मुद्दलात वळती झाली असती तर हा आकडा कमी दिसला असता. याचा अर्थ माझे 25,056 रुपये आपल्या बँकेने घेतले, पण ते माझ्या कर्जात जमा नाहीत आणि मला परतही मिळालेले नाहीत. ते कोणत्या तात्पुरत्या खात्यात पडून आहेत, हे शोधून मला लेखी कळवावे.

या वजावटीचा फटका आमच्या घराला बसला आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या वजावटीनंतर खाते 1938 मध्ये 3,140 रुपये उरले. सोसायटीच्या देखभाल खर्चाचा 6,800 रुपयांचा माझा धनादेश 12 ऑगस्टला त्यावर परत गेला आणि जीएसटीसह 590 रुपये दंड कापला गेला. आपली वजावट झाली नसती तर खात्यात 15,668 रुपये असते आणि धनादेश सहज वटला असता. आमच्या इमारतीत माझा धनादेश याआधी कधीही परत गेलेला नाही. सेक्रेटरींसमोर उभे राहून कारण सांगावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. 27 तारखेला गणपती आहेत. गावी जाण्याची तिकिटे निघाली आहेत, पूजेचा आणि घरच्यांचा खर्च समोर आहे. अशा वेळी पंचवीस हजार रुपये ही आमच्यासाठी लहान रक्कम नाही.

माझी मागणी अशी की 25,056 रुपये ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात, म्हणजे 1938 मध्ये, परत जमा करावेत आणि वजावटीच्या तारखेपासूनचे बचत खात्याच्या दराने व्याज द्यावे. धनादेश परत गेल्याचे 590 रुपयेही भरून द्यावेत. ही रक्कम पुढच्या हप्त्यांत वळती करण्यास किंवा कर्जाची अंशतः मुदतपूर्व फेड म्हणून दाखवण्यास माझी संमती नाही. तशी नोंद कोणी केली असेल तर ती उलटवावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, 5 सप्टेंबरच्या आधी जुने नॅच मॅन्डेट आपल्याकडून रद्द होणे. पगाराच्या बँकेत जाऊन ते मी स्वतः थांबवू शकते. पण तसे केल्यावर आपली मागणी नामंजूर होऊन परत येईल आणि ती माझ्या नावावर ‘हप्ता बाउन्स’ म्हणून चढेल, अशी मला रास्त भीती वाटते. त्याचा दंड आणि सिबिलवरचा डाग मी का सोसावा? म्हणून मॅन्डेट आपणच रद्द करावे आणि त्याच्या यूएमआरएन क्रमांकासह रद्द झाल्याचे पत्र मला द्यावे. जुलै आणि ऑगस्टचे हप्ते वेळेवर भरले गेल्याचे त्याच पत्रात नमूद करावे.

या पत्राची दिनांकित पोच व तक्रार क्रमांक मिळावा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली मी cms.rbi.org.in वर तक्रार दाखल करीन. तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण या शाखेत माझ्या सासऱ्यांपासून आमची खाती आहेत आणि कर्ज देताना आपल्या कर्मचाऱ्यांनी मला चांगले सहकार्य केले होते.

सोबत : एसएमएसचे चार स्क्रीनशॉट, परतफेडीच्या तक्त्याची प्रत, कर्ज खाते 7206 आणि दोन्ही बचत खात्यांचे जुलै–ऑगस्टचे उतारे, 26 मे च्या अर्जाची शिक्क्यासह पोच, धनादेश परत आल्याचा मेमो.

माझा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक आपल्याकडे आहे. शाळेच्या वेळेमुळे दुपारी तीननंतर फोन केल्यास बोलता येईल.

आपली विश्वासू,

मनीषा विलास सावंत
प्रभादेवी, मुंबई 400025