बहीण-भावाच्या चॅटचा सारांश : समुपदेशकांसाठी, पहिल्या बैठकीपूर्वी

मोठी बहीण (४३) नाशिकला नोकरी करते. धाकटा भाऊ (३८) पारोळा तालुक्यात पाच एकर कापूस करतो. आई त्याच्याजवळ असते. मी त्यांचा मामेभाऊ. दोघांनी आपापल्या फोनमधला चॅट स्वतःहून दिला. काळ : १२ एप्रिल ते १८ मे २०२५. फोनवर काय बोलणं झालं, ते यात नाही.

सुरुवात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून. बहिणीने १५ हजार पाठवले आणि लिहिलं, "हिशोब पाठव." भावाने दुसऱ्या दिवशी बिलाचा फोटो टाकला : "अजून कशाचा पुरावा पाहिजे?" निम्मा खर्च द्यायचा म्हणून विचारलं, असं तिने पाच दिवसांनी लिहिलं. तोवर बोलणं वडिलांच्या माघारी कोणी काय केलं, यावर गेलं होतं.

२४ एप्रिलला भावाने हक्कसोड पत्राच्या मसुद्याचा फोटो पाठवला : "आखाजीला येशील तेव्हा सही करून टाकू." वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आई आणि दोघांची नावं लागली आहेत. सोसायटीच्या पीककर्जाला दरवेळी सगळ्यांच्या सह्या लागतात, म्हणून हे करायचं, असं त्याचं म्हणणं. पण हे कारण त्याने १ मे रोजी लिहिलं. बहिणीने फोटो पाहिला, तीन दिवस उत्तर दिलं नाही, आणि ३० एप्रिलला आखाजीला ती माहेरी आली नाही.

त्या रात्रीचे मेसेज सर्वांत कडक आहेत.
भाऊ : "झोका बांधला होता. आई दिवसभर दाराकडे पाहत होती."
बहीण : "मला सणाला बोलावलं होतं की सहीला?"
यानंतर भावाचे तीन मेसेज पुसलेले आहेत. ते त्याला विचारू नयेत, अशी माझी विनंती आहे. पुसले हेही काही सांगतंच. दुसऱ्या दिवशी कर्जाचं कारण लिहून तो घरच्या ग्रुपमधून बाहेर पडला.

जमिनीत वाटा हवा, असं बहिणीने पूर्ण चॅटमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. तिचा कायदेशीर हक्क भावानेही नाकारलेला नाही. बहिणीची तक्रार आधी न विचारल्याची आहे. भावाची, शेत आणि आई एकट्यावर पडल्याची; "तू पाहुणीसारखी येतेस" हे वाक्य त्याने दोनदा लिहिलं आहे. त्यावर तिचं उत्तर अहिराणीत आलं : "माय मनी बी शे."

भाषेची ही बाब मला महत्त्वाची वाटते. पैसे आणि कागदाबद्दल दोघं प्रमाण मराठीत लिहितात, आईबद्दल लिहिताना अहिराणीत येतात. शक्य असल्यास बैठक अहिराणीत होऊ द्यावी, आणि हक्कसोडचा कागद पहिल्याच दिवशी समोर ठेवू नये.

मे महिन्यात सोळा दिवस मेसेज नाही. १८ मेचे शेवटचे दोन :
बहीण : "मायना डोयाना थेंब सरनात का?"
भाऊ : "शेतस." म्हणजे, आहेत.