मराठी भाषांतर आणि सबटायटल्स: माझी ओळख, कामाच्या वेळा आणि दुरून काम करण्याची पद्धत

मी इंग्रजी आणि हिंदीतून मराठीत भाषांतर करते, माहितीपटांना आणि शैक्षणिक व्हिडिओंना मराठी सबटायटल्स देते, आणि इतरांनी केलेली मराठी भाषांतरं तपासून देते. नऊ वर्षं स्वतंत्रपणे काम करते आहे. माझे बहुतेक क्लायंट भारताबाहेर आहेत: जर्मनी, ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलिया. हा परिचय मुद्दाम मराठीत लिहिला आहे, कारण माझ्याशी पहिल्यांदा बोलणारी व्यक्ती बहुधा त्या टीममधली एकटी मराठी व्यक्ती असते. मजकूर बरोबर आहे की नाही हे तिकडे फक्त तिलाच कळतं, आणि सगळा भार तिच्यावर येतो. तो भार कमी व्हावा अशी माझी सगळी पद्धत आहे. बाकीच्या टीमसाठी याची इंग्रजी प्रत मागितल्यास लगेच पाठवते.

कामाच्या वेळा

मी भारतीय प्रमाणवेळेनुसार काम करते. ही वेळ UTC च्या साडेपाच तास पुढे आहे आणि वर्षभर तीच राहते. कॅलेंडरमध्ये टाइम झोन निवडताना `Asia/Kolkata` निवडावा.

सोमवार, बुधवार, शुक्रवार: सकाळी १० ते संध्याकाळी ७.
मंगळवार, गुरुवार: दुपारी १ ते रात्री १०.
शनिवार-रविवार बंद.

मंगळवार आणि गुरुवार उशिरापर्यंत ठेवले आहेत ते अमेरिकेसाठी. न्यूयॉर्कच्या वेळेत माझे रात्री ८ म्हणजे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. कॅलिफोर्नियाचं गणित अवघड आहे. माझे रात्री ९ ते १० म्हणजे तिकडे उन्हाळ्यात साडेआठ ते साडेनऊ, हिवाळ्यात साडेसात ते साडेआठ, आणि एकत्र बोलायला मिळतो तो एवढाच तास. म्हणून कॅलिफोर्नियातल्या क्लायंटना मी आधीच सांगते की आपण आठवड्यातून एकदाच बोलू, बाकी सगळं लिहून. आजवर ते कोणाला कमी पडलेलं नाही.

युरोपशी वेळ सहज जुळते. माझी दुपार ती त्यांची सकाळ, आणि बर्लिनसाठी कुठल्याही दिवशी निदान तीन तास तरी एकत्र मिळतात. सिंगापूर अडीच तास पुढे आहे, तिथे काहीच अडचण नाही. सिडनी हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे असतं (हिवाळा आणि उन्हाळा तिथले, आपल्या उलट), म्हणून सिडनीचे कॉल सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारी सकाळी १० ते १२ या वेळेतच ठेवते.

संध्याकाळी ५ च्या आत आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर जातं. त्यानंतर आलेल्याला पुढच्या कामाच्या दिवशी. कामाची वेळ संपली की मी फोनवरच्या सूचना बंद करते. तुम्ही तुमच्या वेळेत केव्हाही लिहा, रात्री दोनला माझा फोन वाजेल अशी काळजी नको. एकच अपवाद आहे: प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओत चुकीचा मजकूर गेला असेल, तर करारात दिलेल्या नंबरवर दोनदा लागोपाठ फोन करा. दुसऱ्या फोनला मी उठते.

घड्याळं बदलतात तेव्हा

भारतात घड्याळ पुढे-मागे होत नाही, पण तुमच्याकडे होत असेल. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी वेळ बदलते, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि बर्लिनमधलं अंतर नेहमीच्या सहाऐवजी पाच तास असतं. शरद ऋतूत हेच पुन्हा एक आठवडा होतं: युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. तिन्हीकडची माणसं एका कॉलमध्ये असतील तर या आठवड्यांत कोणीतरी एक तास चुकतोच. म्हणून बदलाच्या आधीच्या गुरुवारी मी प्रत्येक चालू क्लायंटला पुढच्या कॉलची वेळ दोन्हीकडच्या घड्याळाप्रमाणे लिहून पाठवते. शहराचं नाव विचारते, देशाचं नाही, कारण एका देशातही नियम वेगळे असतात. सिडनीत घड्याळ बदलतं, ब्रिस्बेनमध्ये नाही.

`IST` ही तीन अक्षरं मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका अशी विनंती आहे. पहिल्याच वर्षी आयर्लंडमधल्या एका क्लायंटने उन्हाळ्यात '3 PM IST' असं लिहून कॉल ठरवला. मी भारतीय तीनला हजर झाले तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे साडेदहा वाजले होते. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही IST म्हणतात, इस्रायलच्या वेळेलाही. त्यांचे तीन वाजले तेव्हा माझे साडेसात झाले होते आणि मी कामावरून उठले होते. दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच लिहिलं-वाचलं होतं, आणि तरी मंजुरीचा एक दिवस गेला. तेव्हापासून मी वेळ अशी लिहिते:

```
2026-03-12 20:00 +05:30 (Asia/Kolkata)
2026-03-12 10:30 -04:00 (America/New_York)
```

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. ०३/०४ हा एकाला ३ एप्रिल वाटतो आणि दुसऱ्याला ४ मार्च.

मराठीत बोलतानाही मी तारीखच सांगते. 'उद्या देते' म्हटलं तर कोणाचा उद्या? माझ्या मंगळवारच्या सकाळी कॅलिफोर्नियात अजून सोमवारच असतो. आणि आपला 'परवा' तर मागचाही असतो आणि पुढचाही. समोरासमोर हे शब्द चालतात, कारण चेहऱ्यावरून, सुरावरून कळतं. लेखी निरोपात त्यांनी माझं आणि इतरांचं नुकसान केलेलं मी पाहिलं आहे. 'रात्री १२ पर्यंत' हेही टाळते, २३:५९ लिहिते.

प्रश्न कसे विचारते

दूरच्या कामात सगळ्यात महाग पडतो तो अर्धवट प्रश्न. मी संध्याकाळी विचारते, तुम्ही तुमच्या दिवसात 'म्हणजे नक्की काय?' असं उलट विचारता, मी ते दुसऱ्या दिवशी वाचते. एका शब्दासाठी दोन दिवस गेले. आणि इंग्रजीतून मराठीत येताना असे शब्द पावलोपावली भेटतात. मुलाखतीतली बाई 'अंकल' म्हणते तेव्हा ते काका, मामा, की आत्याचे यजमान? शिक्षिका विद्यार्थ्याला 'तू' म्हणेल, पण कंपनीच्या प्रशिक्षण व्हिडिओत 'तुम्ही' की 'आपण'? हे मी अंदाजाने ठरवून गप्प बसत नाही, आणि उत्तर येईपर्यंत हात जोडून बसतही नाही. प्रत्येक प्रश्नाबरोबर मी काय गृहीत धरून पुढे गेले आणि ते चुकलं तर किती बदलावं लागेल हे लिहिते. त्यामुळे तुमचं उत्तर एका शब्दाचं असलं तरी पुरतं.

दिवस संपताना चालू कामाची नोंद पाठवते. ती साधारण अशी असते:

> बुधवार, ११ मार्च, १८:४५ (तुमच्याकडे बॉस्टनमध्ये ०९:१५)
> झालं: भाग ३ पूर्ण, भाग ४ चा पहिला १२ मिनिटांचा मजकूर.
> अडलं: भाग ४, ०७:४० ला निवेदकाचा आवाज संगीताखाली दबला आहे. मूळ संहिता असल्यास पाठवा, नसल्यास ते वाक्य शेवटी करते.
> गृहीत धरलं: ओळ ३१ मधले 'अंकल' वडिलांकडचे, म्हणून 'काका'. आईकडचे असतील तर चार ठिकाणी बदल.
> पुढे: गुरुवार १२ मार्च, २०:०० माझे / १०:३० तुमचे, या वेळेपर्यंत भाग ४.

काम थोडंच झालं असलं तरीही ही नोंद जाते. तुम्ही सकाळी उठून 'काम कुठवर आलं' असं विचारावं लागू नये, एवढ्यासाठी.

फायली, कॉल, दुरुस्त्या

व्हिडिओ दुव्याने पाठवा, मेसेजिंग ॲपमधून नको. तिथे तो दाबून लहान होतो आणि फ्रेमचा हिशोब बिघडण्याची शक्यता असते. पहिल्याच दिवशी मी फ्रेम रेट विचारते. सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीवर बसवलेली सबटायटल्स २३.९७६ च्या प्रतीवर लावली तर तासाभरात अडीच मिनिटांच्या आसपास सरकतात, आणि हे तुमच्याकडे शेवटच्या दिवशी लक्षात आलं तर मी कदाचित झोपलेली असेन. फायलींची नावं तारीख आणि आवृत्तीसह ठेवते, उदाहरणार्थ `2026-03-11_ep04_mr_v02.srt`. 'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात घालत नाही. सगळा मजकूर UTF-8 मध्ये असतो, आणि तुमच्या प्लेअरमध्ये 'र्‍या', 'क्ष', 'ज्ञ' नीट उमटतात का हे पाहण्यासाठी दहा ओळींची चाचणी फाइल आधी पाठवते. देवनागरी मोडून दिसत असेल तर ते पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

दुरुस्त्या मजकुरातच शेरे लिहून सुचवा, मजकूर थेट बदलू नका. कोणी काय बदललं हे दोघांना दिसलं पाहिजे. तुमच्या टीममध्ये दोन मराठी वाचक असतील तर शेवटचा शब्द कोणाचा हे काम सुरू करण्याआधी ठरवू. 'नाही'चं अनेकवचन 'नाहीत' की 'नाही' यावर दोघांचे दोन शेरे आले की काम थांबतं, आणि मध्ये आठ तासांचं अंतर असेल तर बराच वेळ थांबतं.

कॉल ४० मिनिटांचे ठेवते. विषयांची यादी आदल्या दिवशी पाठवते, आणि कॉलनंतर तासाभरात काय ठरलं ते लिहून देते. कॅमेरा सुरू ठेवायचा की नाही ही तुमची मर्जी. पहिल्या भेटीत मात्र मी सुरू ठेवते.

मुदतीच्या एक कामाचा दिवस आधी काम पोहोचवते, तो दिवस तुमच्या वाचनासाठी. सुट्ट्या तीन आठवडे आधी कळवते आणि तुमच्याही विचारते.

काम सुरू करायचं असेल तर

पहिल्या पत्रात चार गोष्टी लिहा: तुमचं शहर, व्हिडिओची किंवा मजकुराची लांबी, तारखेसह मुदत, आणि मराठी मजकूर तिकडे कोण वाचणार. पाच मिनिटांचा नमुना भाग सोबत असेल तर दोन कामाच्या दिवसांत वेळापत्रक आणि दर कळवते. सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या वेळेत सध्या जागा आहे. मंगळवार-गुरुवारच्या रात्रीच्या वेळेत आणखी एकच क्लायंट घेऊ शकते.