द्रवयांत्रिकी असाइनमेंट ३ : पाइपमधला प्रवाह, ऊर्जा समीकरण, दाब आणि वेग (सोडवलेली उदाहरणे)

पहिल्या तीन उदाहरणांत पाणी २५ °से. तापमानाचे धरले आहे: घनता ९९७ किग्रॅ/घमी, कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी ०.८९३ × १०⁻⁶ चौमी/से, g = 9.81 m/s². त्यामुळे ρg = 9781 N/m³. दाब गेज दाब आहेत. निरपेक्ष दाब असेल तिथे तसे लिहिले आहे. व्यास म्हणजे आतला व्यास. पीव्हीसी आणि एचडीपीई पाइपवर छापलेला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. तो थेट वापरला तर वेग कमी येतो आणि घर्षणाचा लॉस त्याहूनही जास्त चुकतो.

वापरायचे समीकरण एकच आहे:

```
p1/ρg + V1²/2g + z1 + Hp = p2/ρg + V2²/2g + z2 + hL
hL = f (L/D) V²/2g + ΣK V²/2g
```

इथला f डार्सीचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत h_f = 4fLV²/2gD असे सूत्र असते; तिथला f डार्सीच्या f च्या एक चतुर्थांश असतो. एका पुस्तकातला f दुसऱ्या पुस्तकाच्या सूत्रात घातला की उत्तर चौपट किंवा पाव येते. f कुठून घेतला ते उत्तरात लिहा. पटकन तपासायचे असेल तर लॅमिनार प्रवाहाचे सूत्र पाहा: 64/Re दिले असेल तर डार्सी, 16/Re असेल तर दुसरा.

खडबडीत पाइपमधल्या टर्ब्युलंट प्रवाहासाठी:

```
f = 0.25 / [ log10( ε/(3.7D) + 5.74/Re^0.9 ) ]²
```

उदाहरण १. रिड्यूसर असलेला चढता पाइप

१५० मिमी व्यासाचा पाइप रिड्यूसरमधून १०० मिमी होतो. प्रवाह २५ लिटर/से. छेद २ हा छेद १ पेक्षा २ मी उंच आहे. छेद १ वर दाब १८० किलोपास्कल, दोन छेदांमधला एकूण लॉस ०.६ मी. छेद २ वरचा दाब काढा.

```
V1 = 0.025 / 0.01767  = 1.415 m/s    V1²/2g = 0.102 m
V2 = 0.025 / 0.007854 = 3.183 m/s    V2²/2g = 0.516 m
p1/ρg = 180000/9781 = 18.40 m
p2/ρg = 18.40 + 0.102 − 0.516 − 2.0 − 0.6 = 15.39 m
p2 = 150.5 kPa
```

दाब २९.५ किलोपास्कलने उतरला. बरेच जण इथेच थांबतात आणि हा सगळा आकडा ‘लॉस’ म्हणून लिहितात. त्याची फोड अशी आहे: उंचीमुळे १९.६, वेग वाढल्यामुळे ४.०५ आणि घर्षण व रिड्यूसरमुळे ५.८७ किलोपास्कल. पहिले दोन भाग परत मिळू शकतात. पाइप खाली आला की उंचीचा भाग दाबात येतो, आणि व्यास हळूहळू वाढवला तर वेगाचा बराचसा भागही परत येतो. उष्णता होऊन कायमचा गेला तो फक्त शेवटचा भाग. पंपाला चालू प्रवाहात काय पुरवायचे आणि वीज कुठे वाया जाते हे या फोडीवरून कळते, म्हणून प्रत्येक उत्तरात ती मांडा.

उदाहरण २. विहिरीतून शेतातल्या टाकीत पाणी

नवा जी.आय. पाइप, व्यास ८० मिमी, ε = 0.15 mm, एकूण लांबी २२० मी. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपच्या तोंडापर्यंत उंची १८ मी. प्रवाह ८ लिटर/से. गाळणीसह फूट व्हॉल्व्ह K = 2.5, चार एल्बो प्रत्येकी 0.9, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह 2.0, पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह 0.2. पंपाचा हेड आणि शाफ्टला लागणारी शक्ती काढा. पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के.

पहिला छेद विहिरीच्या पाण्याच्या पृष्ठभागावर घ्या: तिथे गेज दाब शून्य आणि वेग जवळपास शून्य. दुसरा छेद पाइपच्या तोंडाशी: दाब शून्य, वेग V.

```
V  = 0.008 / 0.005027 = 1.592 m/s      V²/2g = 0.1291 m
Re = 1.592 × 0.08 / 0.893e-6 = 1.43e5
ε/D = 0.001875  →  f = 0.0245
घर्षण   = 0.0245 × (220/0.08) × 0.1291 = 8.70 m
जोडण्या = (2.5 + 3.6 + 2.0 + 0.2) × 0.1291 = 1.07 m
तोंडाशी V²/2g = 0.13 m
Hp = 18 + 8.70 + 1.07 + 0.13 = 27.9 m
P  = 9781 × 0.008 × 27.9 / 0.55 = 3970 W = 5.3 HP
```

तोंडाशी असलेला V²/2g एकदाच मोजायचा. काही जण तो दुसऱ्या छेदाचा वेग-हेड म्हणूनही लिहितात आणि ‘एक्झिट लॉस, K = 1’ म्हणूनही. पाइपचे तोंड टाकीतल्या पाण्यात बुडालेले असेल तर छेद २ टाकीच्या पृष्ठभागावर घ्या आणि K = 1 धरा; हवेत पडत असेल तर वर केले तसे करा.

५ एचपीची मोटर या प्रवाहाला पुरत नाही. ती बसवली की मोटर सतत ओव्हरलोडवर चालते, उन्हाळ्यात व्होल्टेज पडले की वाइंडिंग तापते. पुढची नेहमी मिळणारी मोटर ७.५ एचपीची. पाइप जुना झाला की आत गंज चढतो, ε कित्येक पटींनी वाढतो आणि व्यासही कमी होतो. म्हणून नव्या पाइपच्या f वर केलेला हिशेब कायमचा धरू नका.

आता सक्शन तपासा. हा भाग सहसा गाळला जातो आणि प्रत्यक्षात पंप इथेच बंद पडतो. पंप पाण्याच्या पातळीच्या ४.५ मी वर आहे, सक्शन पाइप ७ मी, त्यावर फूट व्हॉल्व्ह आणि एक एल्बो.

```
ps/ρg = −[ 4.5 + 0.129 + 0.0245×(7/0.08)×0.129 + 3.4×0.129 ]
      = −[ 4.5 + 0.129 + 0.277 + 0.439 ] = −5.34 m
ps = −52.3 kPa (गेज)
```

समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी उंचीवर, म्हणजे पुण्याच्या आसपास, वातावरणाचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. मग पंपाच्या तोंडाशी निरपेक्ष दाब ४२.७ किलोपास्कल. २५ °से. ला पाण्याचा बाष्पदाब ३.१७ किलोपास्कल, म्हणजे तो अजून बराच खाली आहे. उपलब्ध NPSH = (95 − 3.17)/9.781 − 4.5 − 0.277 − 0.439 = 4.2 m. पंपाच्या कॅटलॉगमध्ये या प्रवाहाला लागणारा NPSH याहून कमी असला पाहिजे. मे महिन्यात विहिरीची पातळी २ मी खाली गेली की हा आकडा २.२ च्या आसपास येतो. तेव्हा पंपातून खडे घुसळल्यासारखा आवाज येतो, इंपेलरला खड्डे पडतात आणि प्रवाह तुटतो. पंप खाली उतरवणे किंवा सक्शनचा व्यास वाढवणे हाच उपाय. सक्शनवरचा व्हॉल्व्ह आवळून प्रवाह कमी करू नका. प्रवाह नेहमी डिलिव्हरीच्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळून कमी करायचा.

उदाहरण ३. गच्चीवरची टाकी: वेग माहीत नाही

टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या तोंडापेक्षा ६ मी वर. पीव्हीसी पाइप, व्यास ४० मिमी, लांबी ६० मी, ε = 0.0015 mm. प्रवेश K = 0.5, तीन एल्बो प्रत्येकी 0.9, तोंडाजवळ पूर्ण उघडा बॉल व्हॉल्व्ह 0.1. प्रवाह काढा.

```
6 = (V²/2g) (1 + 3.3 + 1500 f)
```

V साठी f हवा, f साठी Re, आणि Re साठी पुन्हा V. म्हणून f चा अंदाज धरून फेऱ्या करायच्या:

```
f = 0.0200 → V = 1.853 → Re = 83000 → f = 0.0188
f = 0.0188 → V = 1.904 → Re = 85300 → f = 0.0187
f = 0.0187 → V = 1.908   (V मध्ये फरक ०.३ टक्क्यांहून कमी, पुरे)
Q = 1.908 × 0.001257 = 0.0024 m³/s = 2.4 L/s
```

f चा पहिला अंदाज थोडा चुकला तरी दोन-तीन फेऱ्यांत उत्तर जमते. लॉस अजिबात न धरता V = √(2g×6) = 10.8 m/s येतो, म्हणजे खऱ्या वेगाच्या सुमारे ५.७ पट. एवढ्या लांब आणि बारीक पाइपला बर्नोलीचे नुसते समीकरण लावायचे नाही.

आता याच पाइपवरचा बिंदू B पाहा. पाइप टाकीतून निघून गच्चीवर २० मी आडवा जातो, एक एल्बो घेतो आणि मग खाली उतरतो. एल्बोच्या लगेच पुढे B. तो पाण्याच्या पातळीच्या फक्त १.२ मी खाली आहे.

```
V²/2g = 0.186 m
pB/ρg = 1.2 − 0.186 × (1 + 0.5 + 0.9 + 0.0187×20/0.04)
      = 1.2 − 2.18 = −0.98 m   →   pB ≈ −9.6 kPa
```

उत्तर ऋण आले म्हणून चिन्ह बदलू नका. ते बरोबर आहे. पुढचा उभा पाइप पाणी खाली खेचतो आणि आडवा भाग तेवढ्या वेगाने ते पुरवू शकत नाही. B जवळचा सॉल्व्हंटचा जोड कच्चा असेल तर तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. नळ खाकरल्यासारखा येतो, प्रवाह २.४ लिटरपर्यंत पोचत नाही, आणि प्लंबर गळती शोधत बसतो. आडवा २० मीचा भाग, एल्बो आणि B सकट, ५० मिमी व्यासाचा केला, तर याच रीतीने ४० मिमी भागातला वेग सुमारे २.१८ मी/से, प्रवाह २.७ लिटर/से आणि B वरचा हेड सुमारे +०.२ मी येतो (५० मिमी भागात f = 0.019, रिड्यूसरचा लॉस सोडून दिला). हा हिशेब पूर्ण मांडून सबमिट करा.

उदाहरण ४. तेलाचा बारीक पाइप

तेलाची घनता ८७० किग्रॅ/घमी, डायनॅमिक व्हिस्कॉसिटी ०.१ Pa·s, पाइप २५ मिमी, आडवा, लांबी ८ मी, प्रवाह ०.३ लिटर/से.

```
V  = 0.0003 / 0.0004909 = 0.611 m/s
Re = 870 × 0.611 × 0.025 / 0.1 = 133
Δp = 32 μ V L / D² = 32 × 0.1 × 0.611 × 8 / 0.000625 = 25 kPa
```

Re २००० च्या खूप खाली आहे, म्हणून पाइपचा खडबडीतपणा इथे लागत नाही आणि वर दिलेले लॉगचे सूत्रही चालत नाही. तरीही Re न काढता ते सूत्र वापरणाऱ्यांचे गुण दर वर्षी इथेच जातात. प्रवाह तोच ठेवून व्यास निम्मा केला तर दाबाचा लॉस १६ पट, म्हणजे ४०० किलोपास्कल होतो. टर्ब्युलंट प्रवाहात f जवळपास स्थिर असेल तर तोच बदल सुमारे ३२ पट पडतो.