साकु

टिळकवाडीतल्या कॅफेत माइक हातात आला, तशी त्यानं टोपी कानांपर्यंत ओढली. सेट पाच मिनिटांचा, चौथ्याला लाल दिवा.

"आमच्या बाबांना कुंदा करायला दोन लिटर म्हशीचं दूध लागतं. आणि ओरडायला एक बायको."

थोडा हशा. बरा.

"दूध उकळलं की वाटीभर दही. त्यानं दाणे पडतात. दही कमी पडलं की होते बासुंदी. बाबा म्हणतात, 'मला बासुंदीच करायची होती की ओ!' सीमाभागातला माणूस हरत नाही, नाव बदलतो. २०१४ला बेळगावचं बेळगावी केलं ना, तसं."

आता टाळ्या.

"साखर मात्र वेगळी, कोरड्या कढईत. तपकिरी झाली की लगेच दुधात. जरा रेंगाळलात की कडू. आई धारवाडची. ती ओरडते, 'साकु!' म्हणजे पुरे. बाबांना ऐकू येतं 'साखर'. आणखी घालतात!"

इथे तो नेहमी दोन सेकंद थांबे. हशा तिथेच फुटे. आज चार थांबला. लोकांना ते टायमिंग वाटलं.

"टोपी काढ की रे!" मागून कुणीतरी.

"नको. खाली कढई आहे, कालच घासलीय."

सगळ्यात मोठा हशा. लाल दिवा.

बाहेर आईचा फोन. "उद्या तेराव्याला चाळीस पानं. कुंदा दुकानातून आणू?"

"नको. दहा लिटर दूध सांग."

"करणार कोण?"

"मी. तू फक्त साकु म्हण."