धाकटा भाऊ बापू गेल्यानंतर दत्ताला पत्र

नाशिक रोड,
२ डिसेंबर २०२४

प्रिय दत्ता,

तेराव्यापर्यंत तुमच्या घरात माणसं होती. आता जो तो आपापल्या कामाला लागला असेल आणि घर अंगावर यायला लागलं असेल, म्हणून आज लिहायला बसलो. फोनवर आपलं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘हो’ यापुढं जात नाही. पत्राचं बरं असतं. वाटलं तर वाच, नाहीतर ठेवून दे. उत्तर पाठवायची अजिबात गरज नाही.

दहाव्याला गंगेवर मी तुझ्या मागंच उभा होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मग सुरू झालं सगळ्यांचं, ‘दत्ता, काहीतरी बोल, त्याचा जीव कशात अडकलाय ते बघ.’ तू आधी पोरांच्या शिक्षणाचं बोललास, मग आईचं, मग सोसायटीच्या कर्जाचं. शेवटी ‘बाग मोडणार नाही’ म्हणालास आणि तेवढ्यात कावळा आला. कावळ्याचं काय ते मला खरंच कळत नाही. रामकुंडावर त्यांना रोजच्या पिंडांची सवय, पोट भरलेलं असेल म्हणून उशीर लागला असेल. पण ओल्या धोतरात, रडता रडता माणूस जे कबूल करतो, त्याचा हिशेब त्याच्याकडून लगेच कुणी मागू नये, एवढं मला नक्की कळतं. बापूनं तर मुळीच मागितला नसता.

त्या दिवशी तुला पाच-सहा जणांनी तरी सांगितलं, ‘तू मोठा आहेस, तूच खचलास तर बाकीच्यांनी कुणाकडं बघायचं?’ बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण मला ते ऐकून राग येत होता. आणि परत निघताना गाडीत तू हळूच म्हणालास, ‘आधी माझा नंबर होता रे.’ त्यावर मी काही बोललो नाही. काय बोलणार?

गेल्या गुरुवारी माउलींच्या समाधीची त्रयोदशी होती. आमच्या इथल्या विठ्ठल मंदिरात दरवर्षीप्रमाणे कीर्तन होतं. मी जाणार नव्हतो, हिनं ओढून नेलं. बुवांनी नामदेवरायांचे समाधीचे अभंग घेतले होते. आपण लहानपणापासून ऐकत आलोय ते. पण या खेपेला एका ओळीपाशी मला तूच दिसायला लागलास:

निवृत्तिदेव म्हणे करितां समाधान ।
कांहीं केल्या मन राहत नाहीं ॥

दत्ता, हे निवृत्तिनाथ म्हणतायत. ज्ञानोबांचे गुरू. ज्यांनी जगाला ज्ञान सांगणारा शिष्य घडवला, ते. आईवडील गेल्यावर तिन्ही भावंडांचं सगळं त्यांनीच केलेलं. आळंदीला ज्ञानोबा गेले, मग सासवडला सोपानदेव, मग तापीकाठी मुक्ताई. धाकटी तिघंही आधी गेली आणि थोरला मागं राहिला. ‘आधी माझा नंबर’ हे त्यांनाही वाटलंच असणार की. आणि अशा माणसाला कुणी ‘तुम्ही मोठे, तुम्ही ज्ञानी, तुम्ही आवरा’ म्हणालं नाही. नामदेवांनी त्यांचं न आवरणं तसंच्या तसं लिहून ठेवलं. पुढच्या एका चरणात तर बांधलेल्या पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगल्याचं आहे. तुम्हा शेतकऱ्याच्या पोरांना ते मी काय समजावून सांगू!

निवृत्तिनाथांनाच जमलं नाही, तर मराठी शाळेतल्या दत्तामास्तरांना पंधरा दिवसांत जमावं अशी घाई कुणी करू नये. तूही नको करूस. वर्गात फळ्याकडं तोंड करून डोळे पुसावे लागले तर पुस. पोरांना कळतं सगळं.

बापू माझ्या डोळ्यांसमोर येतो तो खिशातल्या कात्रीसकट. छाटणी असो नसो, मागच्या खिशात ती लाल मुठीची कात्री असायचीच. तुझ्या मेव्हण्याच्या लग्नातसुद्धा कोऱ्या पँटीच्या खिशात घालून आला होता आणि मांडवाची लोंबणारी सुतळी नवरदेवाच्या डोक्यावरून कापून मोकळा झाला. सगळे हसले, आई तेवढ्या रागावल्या. आणि फेब्रुवारीत आमच्या दारात द्राक्षांचं क्रेट ठेवताना त्याचं ठरलेलं वाक्य: ‘वरचे पाहुण्यांना, खालचे तुम्हाला.’ वर हिरवेगार, एकसारखे, बाहेर पाठवतात तसे घड. खाली पिवळसर झालेले, एक्स्पोर्टला न चालणारे. गोडी सगळी त्या खालच्यांत. वीसेक वर्षं आम्ही ते खात आलो आणि ‘पैसे घे’ म्हटलं की तो गाडीला किक मारायचा.

आता कामाचं. बागेची काळजी सध्या तरी करू नकोस. मी शेजारच्या मळ्यातल्या आण्णांशी बोललो. विरळणी झाली आहे, डिपिंगही त्यांनी बापूच्याच मजुरांकडून उरकून घेतलं. हवा ढगाळ आहे म्हणून डावणीची फवारणी ते स्वतःच्या बागेबरोबरच तुमच्याही बागेत घेतायत. औषधाच्या पावत्या ठेवायला सांगितल्या आहेत, हिशेब माल निघाल्यावर. हा हंगाम तेवढा पार पडू दे. बाग ठेवायची, वाट्यानं द्यायची की काय, ते वहिनींच्या मनानं उन्हाळ्यात ठरवा. एप्रिल छाटणीच्या आधी ठरलं म्हणजे झालं.

मृत्यूच्या दाखल्याच्या सहा-सात प्रती काढून ठेव. बँक, विमा, सोसायटी, तलाठी, सगळेच मागतात. सात-बाऱ्याला वारस लावायचा अर्ज मी लिहून आणतो. वडिलांच्या वेळी मी हे सगळं केलंय, खिडकी कुठली आणि माणूस कुठला ते माहीत आहे. वहिनींना मात्र कचेरीत कुठंही सह्यांसाठी एकटं पाठवू नका. आणि कुणी नातेवाईक ‘आत्ताच वाटणीचं बघून घ्या’ म्हणाला, तर माझ्याकडं पाठव.

बापूच्या थोरलीची बारावी आहे. तिला रिकामपण नको आणि माणसांची गर्दीही नको, असं मला वाटतं. परीक्षेपर्यंत आमच्याकडं राहायची असेल तर वरची खोली मोकळी आहे, हिनं चादरी बदलूनसुद्धा ठेवल्या. पण तिला आईजवळ राहावंसं वाटत असेल तर तसंच होऊ दे. आग्रह करू नका. धाकट्याला मी एखाद्या रविवारी सायकल घेऊन नेत जाईन, त्याचं माझं जमतं.

आईंना माझा नमस्कार सांग. त्या बापूच्या नावानं हाक मारून बसतात असं तू म्हणालास. मारू देत. ‘तो नाही आता’ असं दर वेळी सांगत बसू नका, त्यांना ते माहीत आहे.

पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जायचं का, ते आत्ता विचारत नाही. बापूची एकादशी कधी चुकली नव्हती, म्हणून मनात आलं एवढंच. तुला जावंसं वाटलं तर मी बरोबर आहे. नाही वाटलं तर यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास म्हसरूळला येतो. अर्ज आणि सात-बाऱ्याचा उतारा माझ्याजवळ असेल, तू फक्त बापूचं आधारकार्ड काढून ठेव. जेवणाचा डबा हिच्याकडून येतोय, सगळ्यांना पुरेल एवढा, तेव्हा वहिनींना चूल मांडायला लावू नका.

तुझा,
अविनाश